तोल गेला, हे कारण नव्हे



खवळलेल्या समुद्रात डेकवर पडून खलाशी जखमी झाला किंवा दगावला की बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘तोल जाऊन पडला.’ हे वाक्य बहुतेक वेळा जहाजाच्या अपघात अहवालातून जसेच्या तसे उचललेले असते. अहवाल अपघातानंतर लिहिला जातो. त्यात काय झाले ते असते, पण ते का झाले हे शोधायचे तर डेक लॉगबुकातल्या आधीच्या नोंदी वाचाव्या लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जुलै महिना, अरबी समुद्र, मालाने भरलेले जहाज पश्चिमेकडे निघाले आहे. सकाळी आठची नोंद: नैऋत्येचा वारा, बोफोर्ट ७, वेग ११ नॉट, डेकवर पाणी येत आहे. बोफोर्ट ७ म्हणजे २८ ते ३३ नॉटांचा वारा आणि साधारण चार मीटरच्या लाटा. नऊ चाळीसला नांगराची सैल झालेली बांधणी आवळायला बोसन आणि एक खलाशी पुढे गेले. नऊ बावन्नला लाटेने खलाशाला आपटले. नऊ पंचावन्नला वेग ५ नॉटांवर आणला आणि लाटा मागून येतील असे जहाज वळवले.

आता घड्याळ बघा. जहाज वळवून, वेग उतरवून पुढचा डेक कोरडा ठेवता येत होता. ते केलेही, पण माणूस पडल्यानंतर. अहवाल मात्र म्हणणार, ‘खलाशाने पुरेशी काळजी घेतली नाही.’

हा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ एका टँकरच्या पुढच्या डेकवर काम करणारे दोन खलाशी नाळीवरून आलेल्या लाटेने मरण पावले.

लॉगबुकही डोळे झाकून मानू नये. वारा वाढत असताना दर पाळीला ‘जहाज मध्यम हेलकावे खात आहे’ हेच वाक्य येत असेल, तर ते समुद्राकडे न बघता सवयीने उतरवलेले असू शकते. चुकीची नोंद एका रेघेने खोडून शेजारी सही करायची असते; खरवडलेले किंवा पांढऱ्या शाईने झाकलेले शब्द दिसले की प्रश्न विचारायलाच हवा.

पडताळा देते ते प्रवास नोंदयंत्र, म्हणजे व्हीडीआर. ब्रिजवरचे बोलणे, दिशा, वेग त्यात साठतो. पण जुन्या यंत्रांत किमान फक्त १२ तासांची नोंद राहायची. २०१४ च्या मध्यानंतर बसवलेल्यांत ती ३० दिवसांची झाली. अपघातानंतर ती वेळेत जतन केली नाही, तर त्यावर नवी नोंद चढते.

म्हणून कोकणातल्या ज्या घरी असा निरोप येईल, त्यांनी अहवालाच्या प्रतीवर समाधान मानू नये. अपघाताआधीच्या चोवीस तासांची डेक लॉगबुकाची पाने आणि जतन केलेली व्हीडीआर नोंद लेखी मागावी, आणि मागणीची प्रत मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे पाठवावी.

– एक वाचक, रत्नागिरी