कंसातलं कारण

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. गेल्या रविवारी आला आणि त्याने फोनच माझ्या हातात दिला. "मावशी, हे जरा चांगल्या मराठीत करून दे ना. आमच्या भूमितीच्या बाई या महिन्याअखेरीस निवृत्त होतायत. वर्गातल्या सगळ्यांची पत्रं एकत्र बांधून त्यांना द्यायची आहेत."

फोनवर त्याने लिहिलं होतं: "हाय बाई, ओळखलंत ना? दहावी ब. तुम्ही खूप छान शिकवायचात. तुमच्यामुळेच आज मी इथे आहे. थँक्यू सो मच फॉर एव्हरीथिंग. हॅपी रिटायरमेंट." खाली जोडलेल्या हातांची चार चित्रं.

मी कागद घेतला आणि अर्ध्या तासात त्याचं 'चांगलं मराठी' करून दिलं. हायच्या जागी वंदनीय आलं, थँक्यूच्या जागी शतशः ऋणी. ज्ञानाचा दीप आला, संस्कारांची शिदोरी आली. भाच्याने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "छान आहे. पण हे इतिहासाच्या सरांनाही चालेल."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी शब्द बदलले होते, मजकुराला हात लावला नव्हता. 'खूप छान शिकवायचात' हे मोघम होतं आणि 'ज्ञानाचा दीप' हेही तितकंच मोघम, फक्त भरजरी. निरोपाच्या पत्रांत नेमकं हेच होतं. चाळीस जणांची पत्रं चाळीस हातांनी लिहिलेली असतात, पण वाचताना एकच पत्र चाळीस वेळा वाचल्यासारखं वाटतं. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं वह्या तपासल्या, त्यांना कॉपी केलेली ओळ पहिल्या नजरेत कळते.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि त्याला विचारलं, "बाईंनी काय केलं ते सांग. कसं शिकवायच्या ते नको. एक दिवस सांग."

तो बराच वेळ गप्प बसला. मग आठवलं.

नववीत समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय होतं. त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही एकरूप असतात. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं सगळं त्याने पाठ केलेलं. बाईंनी फळ्यावर बोलावलं आणि त्याने धडाधड लिहून काढलं. शिरोबिंदूतल्या कोनाचा दुभाजक काढला, दोन लहान त्रिकोण झाले, ते एकरूप, म्हणून पायाचे कोन एकरूप. सगळं बरोबर होतं. बाईंनी खडू घेतला आणि 'त्रिकोण एकरूप आहेत' या ओळीपुढे नुसता रिकामा कंस काढला. "यात काय लिहिशील?"

"बाकोबा कसोटी," तो म्हणाला.

"बाजू कुठली, कोन कुठला, दुसरी बाजू कुठली?"

त्याला बोट ठेवून दाखवता येईना. पहिली बाजू पक्षातून आली, कोन दुभाजकामुळे आला, हे त्याने कसंबसं सांगितलं. दुसऱ्या बाजूला अडकला. तास संपेपर्यंत बाईंनी त्याला फळ्यापाशीच उभं ठेवलं, पण त्या रागावल्या नाहीत, की उत्तरही सांगितलं नाही. घंटा व्हायच्या जरा आधी त्याला दिसलं, की मधली रेघ दोन्ही त्रिकोणांची आहे. सामाईक बाजू. त्याने कंस भरला. बाई एवढंच म्हणाल्या, "आता हे प्रमेय तुझं झालं."

"आणि आता कारखान्यात?" मी विचारलं.

"आता रोज तेच करतो की. वेल्डिंगचा जोड नापास झाला की तक्त्यात 'कारण' असा रकाना असतो. बरेच जण 'सदोष जोड' लिहून मोकळे होतात. ते कारण नाही, तोच निकाल दुसऱ्या शब्दांत. मला तो रकाना दिसला की बाईंचा कंस दिसतो."

पत्र इथे सापडलं. मी त्याला म्हटलं, मला आत्ता जे सांगितलंस तेच लिही.

राहिला मायना. वर्गाच्या फोनवरच्या गटावर कुणीतरी 'स. न. वि. वि.' लिहायला सुचवलं होतं. ते सप्रेम नमस्कार, बरोबरीच्या माणसाला. वडीलधाऱ्यांना 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार. एका कान्याचा फरक आहे, पण बाईंच्या पिढीला तो दिसतो. 'तीर्थरूप' आईवडिलांसाठी असतं, म्हणून तेही नको. मॅडम तर नकोच. दहा वर्षं ज्यांना बाई म्हटलं त्यांना पत्रातही बाईच म्हणावं. 'आपण' की 'तुम्ही' यावर थोडा वेळ गेला. वर्गात तो तुम्हीच म्हणायचा, तेच ठेवलं. 'धन्यवाद' त्याने स्वतःच खोडलं. म्हणाला, दुकानदाराला म्हणतो तो शब्द आहे.

तीन वेळा लिहून झालेलं पत्र असं:

"आदरणीय बाईंस,

सा. न. वि. वि.

मी दहावी ब चा, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा. नववीत समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय मी फळ्यावर न चुकता लिहिलं होतं आणि तुम्ही त्यापुढे एक रिकामा कंस काढला होता. दुसरी बाजू कुठली हे मला सांगता येईना. तुम्ही तास संपेपर्यंत थांबलात, पण उत्तर सांगितलं नाहीत. सामाईक बाजू मला स्वतःला दिसली.

आता मी कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासतो. नापास जोडापुढे कारण लिहावं लागतं. ते माहीत नसेल तर मी रकाना रिकामा ठेवतो आणि पुन्हा जोडापाशी जाऊन बघतो. ही सवय तुमची आहे.

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. तो कधीच गेला, हे मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुमचा विद्यार्थी"

रागाचं वाक्य ठेवावं की नाही, यावर आमचं एकमत नव्हतं. मला ते आनंदाच्या प्रसंगी जड वाटत होतं. तो म्हणाला, तेच काढलं तर बाकीचंही गुळगुळीत होईल. ते राहिलं, आणि आज मला वाटतं पत्रातलं सर्वांत खरं वाक्य तेच आहे. नोकरीतली बढती, पगार, गाडी यांतलं काहीच त्याने लिहिलं नाही. बाईंच्या पत्रात कामाचा उल्लेख कंसापुरता पुरे.

मूळ निरोपातलं शेवटी काय उरलं म्हणाल, तर 'दहावी ब'. बाकी सगळं गेलं. पण तो निरोप वाया गेला असं मी म्हणणार नाही. त्यात 'तुमच्यामुळेच' असा एक शब्द होता, आणि त्यापुढचा कंस तेवढा भरायचा राहिला होता.

पत्र त्याने स्वतःच्या हाताने, आखीव फुलस्केपवर लिहून काढलं. तुमच्याकडेही असं एखादं पत्र राहून गेलं असेल, तर मोठा मजकूर जुळवत बसू नका. एक दिवस आठवा, त्या दिवशी फळ्यावर काय होतं तेवढं लिहा, आणि घरचा पत्ता माहीत नसेल तर शाळेच्या कार्यालयात चौकशी करा.