रात्रीचे दहा आणि मधला बर्थ

इंदूरच्या मराठी घरांत मुंबईला जायचे म्हटले की आधी अवंतिका एक्सप्रेसचे तिकीट बघतात. संध्याकाळी निघायचे, उज्जैन-रतलाम होईपर्यंत डबा उघडून जेवायचे आणि पहाटे बोरिवली. मधली रात्र मात्र अनोळखी माणसांबरोबर काढायची असते, आणि त्या रात्रीचे बहुतेक वाद मधल्या बर्थवरून सुरू होतात.

थर्ड एसीच्या एका कप्प्याचेच उदाहरण घेऊ. १७ खालचा, १८ मधला, १९ वरचा. समोर २०, २१, २२. आणि बाजूला २३ व २४. समजा, १७ वर गुडघे दुखणाऱ्या आजी आहेत आणि १८ वर सकाळी मुलाखतीला जाणारा मुलगा. आजींना साडेआठलाच आडवे व्हायचे आहे. मुलाला साडेनऊपर्यंत बसून वाचायचे आहे. मधला बर्थ उघडून साखळ्या अडकवल्या की खाली कोणालाच ताठ बसता येत नाही, आणि तो बंद असेल तर मुलाची बसायची जागा आजींच्याच बर्थवर. म्हणजे दोघांचेही म्हणणे रास्त आहे.

म्हणून रेल्वेने वेळ ठरवून दिली आहे. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. ही वेळ पूर्वी ९ पासून होती, २०१७ मध्ये १० केली. दहानंतर मधल्या बर्थवाल्याने बर्थ उघडला तर खालच्याने "अजून थोडे बसू द्या" म्हणू नये. तसेच सहानंतर बर्थ खाली करून सगळ्यांना बसायला जागा द्यावी. बाजूच्या २४ वाल्यालाही दहानंतर २३ वर बसण्याचा हक्क नाही. आजारी, दिव्यांग प्रवासी आणि गर्भवती स्त्रिया यांना ठरल्या वेळेआधी झोपायचे असेल, तर इतरांनी सहकार्य करावे असे त्याच सूचनेत म्हटले आहे.

आमच्या उदाहरणातल्या आजींनी रतलामच्या आधीच विचारावे, "बाळा, मला आज लवकर पडायचे आहे, तू समोर वीस नंबरवर बसशील का?" वीसवाल्यांचीही संमती घ्यावी. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. हेच दहाला पाच कमी असताना, पांघरूण ओढून बसल्यावर सांगितले की कुरबुर होते.

सामानाचेही तसेच. खालच्या दोन बर्थांखालची जागा १७ आणि २० वाल्यांची खाजगी नसते, ती सहा जणांची असते. थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते. पण जागा अडते ती वजनाने नव्हे, आकाराने. मोठी बॅग आडवी टाकली की दोघांची जागा जाते. उभी आत सरकवली तर शेजारी दुसरी मावते. रतलामला चढणाऱ्यासाठी जागा इंदूरलाच सोडावी. बोरिवलीला उतरणाऱ्याने आपली बॅग सगळ्यात शेवटी, म्हणजे कडेला ठेवावी, नाहीतर पहाटे तो सगळ्यांच्या बॅगा ओढत बसतो.

दिव्यांचे बघा. दहानंतर रात्रीचा मंद दिवा सोडून बाकी दिवे बंद. वाचायचे असेल तर बर्थच्या डोक्याशी असलेला छोटा दिवा लावावा. मध्यरात्रीच्या सुमारास वडोदऱ्याला नवे प्रवासी चढतात. त्यांनी मोठा दिवा लावू नये; मोबाइलचा उजेड जमिनीकडे धरून बर्थचा नंबर बघावा. बेडरोल आपल्या बर्थवर ठेवून, बॅग सरकवून झाले की दोन मिनिटांत काम संपते.

फोनवर मोठ्याने बोलू नये, इअरफोनशिवाय गाणी लावू नयेत, असे रेल्वेने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. घरून फोन येणारच असेल तर उठून दाराजवळच्या जागेत जाऊन बोलावे. पडद्याने आवाज अडत नाही आणि थर्ड एसीत तर बहुतेकदा पडदाही नसतो. पहाटेचा गजर वाजता न ठेवता थरथरता ठेवून मोबाइल उशीखाली घ्यावा. रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवण्याच्या सूचना आहेत, तेव्हा फोन आधीच चार्ज करावा.

एवढे करूनही कोणी ऐकत नसेल तर भांडू नये. एकदा शांतपणे "दहा वाजून गेले आहेत" असे सांगावे, नाहीच ऐकले तर टीटीईंना बोलवावे. तेही भेटले नाहीत तर १३९ वर फोन करून गाडी, डबा आणि बर्थ क्रमांक सांगावा.