उत्पन्न कशाला म्हणायचं?

पेठ तालुक्यात भातकापणी उरकली की गावं रिकामी होऊ लागतात. जीपगाड्या भरून माणसं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. अशाच एका नोव्हेंबरात, निघायच्या आदल्या दिवशी, एक ओळखीचा शेतकरी माझ्याकडे कागद घेऊन आला. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. अर्जातल्या रकान्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, ‘सर, आमचं वर्षाचं उत्पन्न किती लिहायचं?’

मी म्हटलं, ‘वर्षात हातात पैसे किती आले ते सांगा.’ नवराबायकोची शंभर-शंभर दिवसांची मजुरी, रोज चारशेनं, म्हणजे ऐंशी हजार. मोहाची फुलं विकून पाच हजार. पंच्याऐंशी हजार झाले. ‘आणि भात, नागली?’ मी विचारलं. तो हसला. ‘ते तर घरात खाल्लं. त्याचं कसलं उत्पन्न?’

त्याचं हसणं साहजिक होतं, पण अर्थशास्त्र त्याच्या बाजूनं नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हेग यांनी १९२१ मध्ये आणि हेन्री सायमन्स यांनी १९३८ मध्ये उत्पन्नाची जी व्याख्या मांडली, ती सोप्या मराठीत अशी: वर्षभरात तुम्ही जे उपभोगलं, अधिक वर्षअखेर तुमच्या मालमत्तेच्या मोलात जी वाढ किंवा घट झाली, ती बेरीज म्हणजे उत्पन्न. पैसा पगारातून आला, शेतातून आला, वारशानं मिळाला की नुसता भाव चढल्यामुळे वाढला, याला महत्त्व नाही. माणसाची ऐपत किती वाढली, एवढंच बघायचं.

या मापानं त्याच शेतकऱ्याचा हिशेब मांडू. घरी खाल्लेलं भात आणि नागली, बी-खताचा खर्च वजा जाता, समजा ३५,००० रुपयांचं. स्वतःच्या घरात राहतो म्हणून वाचलेलं भाडं, महिना हजार धरलं तरी १२,०००. रस्ता झाल्यानं जमिनीचं मोल ५०,००० नं वाढलं. एक बैल मेला, ते २५,००० वजा. यात रोखीचे ८५,००० मिळवले की बेरीज १,५७,००० होते. अर्जावरच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

मग सरकारनं या आकड्यावर कर लावावा का? इथंच व्याख्या आणि कायदा यांची वाट वेगळी होते, आणि त्याला खरी कारणं आहेत. घरात खाल्लेल्या नागलीचं मोजमाप करायला कोण येणार, आणि भाव कुठल्या दिवसाचा धरणार? घराच्या न भरलेल्या भाड्यावर कर मागितला तर तो भरायला रोकड कुठून आणायची? म्हणूनच आपला प्राप्तिकर कायदा स्वतः राहता त्या घराचं वार्षिक मूल्य शून्य धरतो, आणि मालमत्तेचा भाव चढला तरी ती विकेपर्यंत थांबतो. पेठेत तर जमिनीची वाढ आणखीच कागदी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. जो भाव ऐकू येतो, तो त्याच्या हाती पडेलच असं नाही. अशी वाढ उत्पन्न म्हणून धरणं व्याख्येत बसतं, न्यायात बसत नाही.

म्हणजे कायदा काही उत्पन्न सोडतो ते मोजता येत नाही म्हणून, काही सोडतो ते रोकड हाती आलेली नसते म्हणून. या दोन्ही सुटी मला पटतात. पण तिसऱ्या प्रकारची सूटही आहे. तिथं उत्पन्न मोजता येतं, रोकड हाती आलेली असते, तरीही ते सोडलं जातं. शेती उत्पन्नाची सूट अशी आहे.

या सुटीला इतिहास आहे. १८६० च्या पहिल्या प्राप्तिकर कायद्यात शेतीचं उत्पन्न करपात्र होतं. १८८६ च्या कायद्यानं ते वगळलं, कारण शेतकरी शेतसारा भरतच होता. पुढे राज्यघटनेनं शेती उत्पन्नावरचा कर राज्यांकडे सोपवला. आज शेतसारा नावापुरता उरला आहे, सूट मात्र पूर्ण आहे. १९७३ पासून एवढीच तजवीज आहे की दुसरं करपात्र उत्पन्न असेल तर शेतीचं उत्पन्न कराचा दर ठरवण्यापुरतं मिळवायचं. ज्याला फक्त शेती आहे, त्याला याचाही स्पर्श होत नाही.

आता द्राक्षबागेत बघा. एखाद्या मोठ्या बागायतदाराला सगळा खर्च जाऊन ४० लाख उरले, तर प्राप्तिकर शून्य. तेवढाच पगार असलेला नोकरदार २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत ७,८७,८०० रुपये भरतो. आणि त्याच बागेत छाटणी करणारा आमचा पेठेचा माणूस? त्याची मजुरी कायद्याच्या भाषेत ‘शेती उत्पन्न’ नाहीच, कारण जमिनीत त्याचा हक्क नाही. मोहाची फुलंही नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये ठरवलं की जमिनीची मशागत झाली असेल तरच उत्पन्न शेतीचं. जंगलात आपोआप आलेलं त्यात मोडत नाही. म्हणजे ज्याच्या नावानं ही सूट मागितली जाते, त्याची रोख कमाई सुटीच्या बाहेर आहे. तो कर भरत नाही तो फक्त गरीब आहे म्हणून.

उद्या ही सूट काढली तर पेठेतला शेतकरी मरेल, असं सांगितलं जातं. हिशेब तसं सांगत नाही. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. नागली, घर, जमीन सगळं धरूनही आमचा माणूस १,५७,००० वर थांबतो. त्याला आत घेतलं काय, बाहेर ठेवलं काय, फरक पडणार नाही.

बागायतदाराची एक बाजू मात्र खरी आहे. एका गारपिटीत वर्षाची कमाई जाते, वर छाटणीपासून केलेला खर्च अंगावर पडतो. पण हेग-सायमन्सची व्याख्या यालाही उत्तर देते. तिच्यात घटही तितकीच मोजली जाते, जसा वर मेलेला बैल वजा झाला. शेतीवर कर लावायचा तर गारपिटीचा तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करू दिला पाहिजे. तोटा शेतकऱ्याचा आणि नफ्यात वाटा सरकारचा, असा कर मलाही नको. हिशेबाची वही ठेवावी लागेल, ही अडचण आहे. पण निर्यातीची द्राक्षं पाठवणारा तशीही बागेची नोंद ठेवतोच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. व्यापक व्याख्या जशीच्या तशी कायद्यात आणू नये, ती आणताही येणार नाही. पण प्रत्येक सुटीसमोर तिला उभं करून विचारावं: हे उत्पन्न आपण का सोडलं? मोजता येत नाही म्हणून, रोकड नाही म्हणून, की मागणारा वजनदार आहे म्हणून?

त्या दिवशी अर्जात आम्ही पंच्याऐंशी हजारच लिहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बायकोसह जीपमध्ये बसून बागेकडे गेला.