चौकोन पुसताना चेहरे जपावेत

सुमारे 2000 सालच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी टिपलेली घरगुती समारंभांची छायाचित्रे आज संगणकावर मोठी करून पाहिली, की भिंती आणि गाल चौकोनी तुकड्यांचे बनल्यासारखे दिसतात. जेपेग पद्धतीत चित्राचे आडवे-उभे 8 बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातील बारकावे स्वतंत्रपणे कमी केले जातात. त्यामुळे शेजारच्या चौकोनांच्या कडा जुळेनाशा होतात.

बारशाचे 640 × 480 बिंदूंचे एक छायाचित्र घेऊ. मागच्या रांगेतील आजींचा चेहरा 40 बिंदू रुंद असेल, तर त्याच्या वाट्याला रुंदीत केवळ 5 चौकोन येतात. एक डोळा एका चौकोनाएवढा! सांधे पुसणारी प्रक्रिया दर 8 बिंदूंवरील लहान फरक सौम्य करते आणि मोठा फरक, उदाहरणार्थ साडीचा काठ, खरी कडा मानून सोडून देते. भिंतीवर हे उत्तम साधते. पण आजींच्या सुरकुत्याही लहान फरकाच्याच असतात. म्हणून माझ्या मते भिंत, छत यांवर ही प्रक्रिया मोकळेपणाने वापरावी, चेहऱ्यांवर मात्र अगदी हलकी. गाल मेणाचे दिसू लागले, की ती अति झाली असे समजावे. थोडे चौकोन राहिले तरी चालतील. आजी ओळखू आल्या पाहिजेत.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी चित्र कापले किंवा लहान-मोठे केले, तर सांधे 8 च्या पटीत राहत नाहीत आणि प्रक्रियेला ते सापडत नाहीत. मूळ चित्र तसेच ठेवून त्याच्या प्रतीवर काम करावे व ती पीएनजी स्वरूपात साठवावी. जेपेगमध्ये साठवल्यास उरलेले बारकावेही पुन्हा गळतात.