आधी एकच शेड मागा, पण पैसे घेऊन

एमआयडीसीत छोटी सेवा देणाऱ्या माझ्या मित्रांनो, नव्या कारखान्यात पहिल्याच भेटीत वर्षभराच्या कराराचं कोटेशन ठेवू नका. समोरच्याने तुमचं काम पाहिलेलं नसतं. तो "विचार करून कळवतो" म्हणतो आणि कागद फायलीत जातो. त्याऐवजी तीन आठवड्यांचं, ठरलेल्या मापाचं आणि पैसे घेऊन करायचं छोटं काम मागा.

कॉम्प्रेसरच्या हवेची गळती शोधून बंद करण्याचा धंदा घ्या. कारखान्यात तीन शेड आहेत आणि वर्षाचं काम साडेचार लाखांचं आहे, असं धरू. तुम्ही एकच शेड मागता, चाळीस हजारांत. तिथे ४५ किलोवॉटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. रविवारी सगळी मशीन बंद असताना तो सुरू करायचा आणि घड्याळ लावून बसायचं. हवा कुणीच वापरत नसताना तो तीन मिनिटं लोडवर आणि सात मिनिटं अनलोडवर चालला, तर दहातली तीन मिनिटं निव्वळ गळती भरण्यात गेली. म्हणजे गळती ३० टक्के. हा आकडा कामाला हात लावण्यापूर्वी काढा, त्यांचा मेंटेनन्सचा माणूस शेजारी उभा करून काढा आणि कागदावर त्याची सही घ्या. ही सही राहिली, तर नंतर तुमचा सगळा फायदा "आमची गळती आधीपासून कमीच होती" या एका वाक्यात वाहून जातो.

मग होज, कपलर, जुने फिटिंग तपासून प्रत्येक गळतीवर टॅग लावायचा. इथे बरेच जण फसतात. यादी देऊन ते निघून येतात, टॅग महिनाभर तसेच लटकतात आणि आकडा हलत नाही. म्हणून दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कुणाच्या खर्चाने येणार, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रविवारी तीच चाचणी करा. आता अडीच मिनिटं लोड आणि साडेसतरा मिनिटं अनलोड आलं, तर गळती साडेबारा टक्क्यांवर आली.

हिशेब मांडताना हात आखडता ठेवा. अनलोडवरही असा कॉम्प्रेसर साधारण तीस टक्के वीज खातो, म्हणून गळती साडेसतरा टक्क्यांनी घटली तरी वीज तेवढी घटत नाही. ४५ किलोवॉटवर प्रत्यक्ष बचत साडेपाच किलोवॉटच्या आसपास बसते. वर्षाला सहा हजार तास आणि युनिटला नऊ रुपये धरले, तर हे जवळपास तीन लाख रुपये होतात, एका शेडचे. वीजबिल कमी होईल असा शब्द मात्र देऊ नका, कारण उत्पादन वाढलं की बिलही वाढतं. शब्द द्यायचा तो गळतीच्या आकड्याचा.

फुकट करून दाखवा, असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. रविवारी फाटक उघडायला, कॉम्प्रेसर चालवायला, माणूस थांबवायला त्यांच्याच कुणालातरी झटावं लागतं, आणि ज्या कामाची पीओ निघालेली नाही त्यासाठी कुणी झटत नाही. रक्कम मात्र प्लांट हेड स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकेल एवढीच ठेवा. परचेसकडे गेलं की व्हेंडर कोड मिळेपर्यंतच महिने जातात. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. उरलेल्या रकमेची मुदत लेखी ठरवा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकतं करणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. २००६ चा एमएसएमईडी कायदा तसं सांगतो.

"आलाच आहात तर पेंट शॉपही बघा" असं हमखास कुणीतरी म्हणेल. बघू नका, पुढच्या कामात घेऊ म्हणा. तिथली मोजणी आधी झालेली नाही, त्यामुळे केलेलं दिसणार नाही आणि तुमचे दिवस जातील.

सर्वांत महत्त्वाची ओळ ऑर्डरच्या शेवटी हवी: गळती १५ टक्क्यांखाली आली तर तीस दिवसांत तिन्ही शेडच्या करारावर निर्णय होईल, आणि करार झाला तर हे चाळीस हजार त्यात वळते होतील. हा निर्णय घेणारा माणूस पहिल्या आणि शेवटच्या बैठकीला हजर असलाच पाहिजे. तो नसला तर काम उत्तम होऊनही "साहेबांना दाखवतो" यावरच सगळं अडतं. आकडा नाही गाठला तर तेही त्याच बैठकीत सांगा आणि कारण दाखवा.

पुढच्या भेटीला जाताना वर्षाचं कोटेशन पिशवीतच राहू द्या. एका शेडचा, एका पानाचा प्रस्ताव टेबलावर ठेवा आणि रविवारची तारीख मागून घ्या.