परिचय लिहायचाय? आधी जुनी फाईल काढा

शिक्षण परिषदेत बोलायचं ठरलं की "चार ओळींचा परिचय पाठवा" असा निरोप येतो. मग आपण काय करतो? मागच्या वेळचा परिचय काढतो, सेवेची वर्षं वाढवतो, 'उपक्रमशील, विद्यार्थीप्रिय' तसंच ठेवतो आणि पाठवून देतो. माझं स्पष्ट मत आहे, तो जुना परिचय उघडूच नका. त्याऐवजी गोपनीय अहवालांच्या प्रती, प्रमाणपत्रांची फाईल, शाळेच्या शेरेबहीची पानं आणि पालकांचे ईमेल समोर घेऊन बसा.

आमच्या केंद्रातल्या एका मॅडमचा परिचय आम्ही दोघींनी असाच लिहिला. गोपनीय अहवालात दरवर्षी 'कामात नियमित, वर्तन चांगले' एवढंच. दुसऱ्या कुणाच्याही नावापुढे जे तसंच्या तसं चालेल ते आम्ही सरळ खोडलं. पण एका वर्षी स्वयंमूल्यांकनाच्या रकान्यात त्यांनीच लिहिलं होतं, "दुसरीच्या मुलांची रोज 20 मिनिटे जोडीने वाचन." ते वहीत उतरवलं. शेरेबहीत विस्तार अधिकाऱ्यांचा शेरा सापडला: "19 पैकी 16 विद्यार्थी जोडाक्षरी मजकूर वाचतात." आणि एका आईचा ईमेल होता, मुलगी रात्री आजीला गोष्ट वाचून दाखवते म्हणून. तीन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी, न ठरवता एकच गोष्ट सांगितली होती. वाचन! परिचयाचा कणा तिथेच मिळाला.

प्रमाणपत्रांचं मात्र जरा जपून. 'निष्ठा'सारखी ऑनलाइन प्रशिक्षणं आपण सगळ्यांनीच केली आहेत, त्यामुळे ती यादी देऊन तुमची वेगळी ओळख होत नाही. प्रत्येक प्रमाणपत्राला एकच प्रश्न विचारा: यानंतर वर्गात काय बदललं? मॅडमच्या 30-32 प्रमाणपत्रांतून दोनच उरली, दोन्ही वाचनाची.

शेवटी तयार झालं ते असं:

"जिल्हा परिषद शाळेत 12 वर्षांपासून अध्यापन. दुसरीच्या वर्गात रोज 20 मिनिटे जोडीवाचन घेतात. 2023 मधील शाळाभेटीत त्यांच्या वर्गातील 19 पैकी 16 मुले जोडाक्षरी मजकूर वाचताना आढळली. मुलांनी घरच्यांना गोष्टी वाचून दाखवाव्यात, यासाठी वर्गातील पुस्तके घरी देतात."

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, हे बघा. आकड्यापुढे वर्ष घातलंय, कारण तो शेरा त्या दिवशीचा, त्या वर्गाचा आहे. आजच्या वर्गाला तो लागू होईलच असं नाही. पालकांचे शब्द जसेच्या तसे वापरायचे तर त्यांना विचारा. मुलाचं नाव तर नकोच. आणि आभाराच्या ईमेलमध्ये लोक जरा जास्तच गोड लिहितात (आपणही लिहितोच की!), म्हणून त्यातली स्तुती सोडा, घडलेली गोष्ट तेवढी उचला.

फाईलमध्ये असं काहीच सापडलं नाही तर? मग शेरेबही पुन्हा चाळा. आपण तिथली सही बघतो, शेरा वाचायचा राहून जातो.