नको कुठं, नाही कुठं

आमच्या घरात दोन भाषा आहेत. सूनबाई धारवाडकडची, तिची आणि नातीची बोली कन्नड. मी आणि मुलगा मराठी. नात आठवीत आहे आणि इंग्रजीच्या व्याकरणाची वही घेऊन संध्याकाळी माझ्याकडेच येते, कारण निवृत्त झाले तरी आज्जी ‘टीचर’च, असं तिचं म्हणणं.

परवा तिच्या वहीत वाक्यरूपांतराचे प्रश्न होते. कुणीतरी कुणाला दिलेला हुकूम, केलेली विनंती किंवा दिलेला सल्ला अवतरणचिन्हांत दिलेला असतो आणि तो टोल्ड, आस्क्ड, ॲडव्हाइज्ड घालून ‘टू’च्या वाक्यात सांगायचा असतो. पहिलं वाक्य सोपं होतं : मदर सेड टू मी, “क्लोज द डोअर.” नातीनं लिहिलं होतं, ‘मदर टोल्ड टू मी दॅट क्लोज द डोअर.’

मी तिला रागावले नाही. त्या वाक्यात तिची दोन्ही घरं दिसत होती. कन्नडमध्ये आपण म्हणतो, ‘बागला हाक अंत हेळ्याळ.’ मराठीतही बेळगावकडे सर्रास म्हणतो, ‘दार लाव म्हणून सांगितली.’ म्हणजे आईचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे आणि पाठीमागं ‘अंत’ किंवा ‘म्हणून’ जोडायचं. इंग्रजीत हुकुमाला अशी शेपटी चालत नाही. पण मराठीत दुसरीही एक रीत आहेच की. ‘आईनं मला दार लावायला सांगितलं.’ हे ‘लावायला’ म्हणजेच ‘टू क्लोज’. मी नातीला एवढंच म्हटलं की आधी ‘म्हणून’चं वाक्य मोडून ‘-यला’चं कर, मग इंग्रजीत जा. तिनं लिहिलं, ‘मदर टोल्ड मी टू क्लोज द डोअर.’ ‘टोल्ड टू मी’मधला ‘टू’ आपोआप गळाला नाही, तो मी काढायला लावला. ‘मला’मधला ‘ला’ आणि ‘ननग’मधला ‘ग’ आपल्या कानात इतका बसलेला असतो की मुलं त्याच्यासाठी एक ‘टू’ घालतातच. ‘सेड’ला तो लागतो, ‘टोल्ड’ला नाही. आणखी एक : सगळं भूतकाळात न्यायचं असं शिकलेली मुलं ‘टू क्लोज्ड’ लिहितात. ‘टू’च्या पुढचं क्रियापद कधी बदलत नाही, ते मूळ रूपातच राहतं.

दुसऱ्या वाक्यात शाळेतला मुलगा मित्राला म्हणतो, “प्लीज लेंड मी युवर पेन.” वाक्य मित्र सांगतोय असं धरायचं. नातीनं ‘ही टोल्ड मी टू प्लीज लेंड मी युवर पेन’ लिहिलं. इथं मी तिला पेन हातात दिलं आणि विचारलं, पेन कुणाचं? तिचं. मागतोय कोण? तो मुलगा. मग ‘मी’चं ‘हिम’ झालं, ‘युवर’चं ‘माय’ झालं : ही आस्क्ड मी टू लेंड हिम माय पेन. आणि ‘प्लीज’? ते ‘आस्क्ड’मध्ये विरघळलं, ते वेगळं दाखवायचं नाही.

मराठीत ‘सांगितलं’ या एका शब्दात हुकूम, विनंती, सल्ला सगळं मावतं, म्हणून आपली मुलं तिन्हीकडे ‘टोल्ड’ लिहितात. मी नातीला विचारायला शिकवलं : ऐकणारा नाही म्हणू शकतो का? शकत नसेल तर टोल्ड, शकत असेल तर आस्क्ड. आणि ऐकलं तर भलं कुणाचं? ऐकणाऱ्याचंच असेल तर ॲडव्हाइज्ड. शिष्यानं गुरुजींना परत सांगायला ‘टोल्ड’ केलं, तर व्याकरण चुकत नाही, पण शिष्य उद्धट ठरतो. ‘आस्क’ म्हणजे फक्त विचारणं असं मराठी मुलांना वाटतं. कन्नडची मुलं इथं पुढं असतात, कारण त्यांच्या ‘केळु’मध्ये प्रश्न विचारणंही आहे आणि मागणंही.

तिसऱ्या वाक्यावर मात्र आम्ही दोघी थांबलो. द डॉक्टर सेड टू द पेशंट, “डोन्ट टेक धिस टॅब्लेट ऑन ॲन एम्प्टी स्टमक.” नातीनं लिहिलं होतं, ‘द डॉक्टर डिड नॉट ॲडव्हाइज द पेशंट टू टेक दॅट टॅब्लेट ऑन ॲन एम्प्टी स्टमक.’ ‘धिस’चं ‘दॅट’ बरोबर, ॲडव्हाइज्ड बरोबर, सगळं शुद्ध. तरी अर्थ भलताच.

मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांचे गुडघे दुखायचे आणि डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मी चिठ्ठी घेऊन आले आणि घाईत म्हणाले, “डॉक्टरांनी उपाशीपोटी घ्यायला सांगितलं नाही.” त्यांनी ऐकलं ते असं, की डॉक्टर त्याविषयी काही बोलले नाहीत. मग त्या रोज सकाळी आंघोळ झाली की चहाच्याही आधी गोळी घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी पोटात आग पडली. मी विचारलं तर म्हणाल्या, “अगं, सांगितलं नाही म्हणालीस ना तू!” चूक माझीच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पक्कं सांगितलं होतं. ‘घेऊ नका’ म्हणून सांगितलं होतं.

ही गोष्ट नातीला सांगितली आणि म्हटलं, आता तुझ्या आईच्या भाषेत दोन्ही वाक्यं म्हण. तिनं म्हटली. ‘तगोब्याड्री अंत हेळ्यार.’ मग दुसरं, ‘तगोरी अंत हेळिल्ल.’ पहिल्यात ‘ब्याड’ आत, डॉक्टरांच्या तोंडात. दुसऱ्यात ‘इल्ल’ बाहेर, सांगण्यालाच चिकटलेलं. मराठीत तेच ‘नको’ आणि ‘नाही’. मघाशी ज्या ‘अंत’नं तिचं वाक्य बिघडवलं, त्यानंच इथं डॉक्टरांचा शब्द जपून ठेवला होता. माझ्या मराठी ‘घ्यायला’त तो हरवला होता.

मग इंग्रजीची वाट सरळ झाली. डॉक्टरांच्या तोंडात ‘नको’ असेल तर ‘नॉट’ जाऊन ‘टू’च्या अगदी आधी बसतो : ॲडव्हाइज्ड द पेशंट नॉट टू टेक. सांगणंच झालं नसेल, तर ‘नाही’ क्रियापदाकडे जातो : डिड नॉट ॲडव्हाइज. रूपांतराच्या प्रश्नात बोलणारा नेहमी बोललेला असतो, म्हणून तिथं ‘डिड नॉट’ला जागाच नसते. उत्तरात ‘डिड नॉट टेल’ किंवा ‘डिड नॉट ॲडव्हाइज’ दिसलं, की पेन खाली ठेवून मागं जायचं.

पालकांनी एक शब्द जपावा, तो म्हणजे ‘सजेस्ट’. तो सल्ल्यासारखा दिसतो, म्हणून मुलं ‘सजेस्टेड मी टू गो’ लिहितात. त्याला ‘मी टू’ चालत नाही. त्याचं वाक्य ‘दॅट’नं होतं : सजेस्टेड दॅट आय शुड गो. ‘लेट्स’नं सुरू होणारी वाक्यंही त्याच्याकडेच जातात, आमच्या तिघांकडे नाही.

साडेनऊ होत आले होते. स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज आला, “साकु अत्ति, इन्नु ओदसब्याड्री!”

नात वही न मिटताच म्हणाली, “मदर टोल्ड यू नॉट टू मेक मी स्टडी एनी मोअर.”

मी नुसती बघत राहिले.

“बरं,” ती म्हणाली, “आस्क्ड.”